बोधांक, दशांश आणि कपाट

प्रश्न : ‘कॉल नंबर’ला मराठीत काय म्हणतात, आणि त्यात ‘कॉल’ कसला? कॉलेजच्या ग्रंथालयात व्युत्पत्तिकोशासाठी ‘४९१.४६२०३ कुल’ अशी चिठ्ठी मिळाली. ४९१.४७ च्या पुढे सगळं पाहिलं, पुस्तक नाही.

उत्तर : बोधांक. पुस्तक मिळालं नाही, कारण तुम्ही तो आकडा ‘पॉइंट सेहेचाळीस हजार दोनशे तीन’ असा वाचलात. हे सारखं कानावर पडतं आणि दर वेळी खटकतं. ‘दशांश’ म्हणजे दहावा भाग. टिंबानंतरचा प्रत्येक अंक आधीच्या जागेचे आणखी दहा भाग पाडतो, तिथे हजार आणि शेकडे नसतातच. म्हणा : चारशे एक्क्याण्णव दशांश चार, सहा, दोन, शून्य, तीन. असं म्हटलं की शोधणं निम्मं झालंच. टिंबानंतर पहिला अंक दोन्हीकडे ४. दुसरा तुमच्याकडे ६ आणि तिकडे ७. निकाल इथेच लागला. पुढे २०३ असो की ९९९, तुमचं पुस्तक ४९१.४७ च्या अलीकडेच राहणार.

आता मागे या. पुस्तकं विषयवार लावण्याच्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ४९१.४६ म्हणजे मराठी भाषा. त्यात ४९१.४६२ व्युत्पत्ती, आणि ०३ जोडलं की तिचा कोश. कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा मराठी व्युत्पत्ति कोश इथे हवा. ‘कुल’ ही त्यांच्या आडनावाची अक्षरं, एकाच वर्गांकाची, म्हणजे विषयाच्या एकाच आकड्याची, पुस्तकं आपसांत लावण्यासाठी. त्यानंतर ४९१.४६३ला शब्दकोश, ४९१.४६३२१ला मराठी-इंग्रजी कोश, ४९१.४६५ला व्याकरण, ४९१.४६७ला बोली आणि ४९१.४६९ला कोंकणी. तुम्ही ज्या ४९१.४७ पासून सुरुवात केलीत, ती गुजराती. व्युत्पत्तिकोशाच्या उजवीकडे हात सरकवत गेलात की न मागता मोल्सवर्थ लागेल, पुढे व्याकरणं आणि बोलींची पुस्तकं. फक्त एका खणातल्या फळ्या वरून खाली संपवा आणि मगच शेजारच्या खणात जा. पहिली फळी धरून भिंतभर चालत गेलात की क्रम मोडतो. मराठी कविता मात्र या शेजारात नाही, ती साहित्याच्या ८००मध्ये, ८९१.४६१ला. ४६ तोच, दालन वेगळं.

आता ‘कॉल’. जुन्या ग्रंथालयांत वाचकाला आत प्रवेश नसे. चिठ्ठीवर अंक लिहून पुस्तक मागवायचं आणि शिपाई ते आणून देई. पुस्तकाला बोलावण्याचा अंक तो ‘कॉल नंबर’. ‘बोधांक’ या प्रतिशब्दात हे बोलावणं पुसलं गेलं. परिभाषाकार म्हणतील, त्या अंकातून विषयाचा बोध होतो. साफ चूक! विषयाचा बोध होतो तो वर्गांकातून. ‘कुल’मधून कसला बोध होतो? बोधांक म्हणजे वर्गांक अधिक ‘कुल’सारखा ग्रंथांक. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन तर त्यात पुस्तक कोणत्या संग्रहातलं ते सांगणारा संग्रहांकही धरतात. अर्ध्या भागाचा गुण पूर्णाला चिकटवला. ‘मागणी अंक’ सरळ होता.

खरी मौज ‘कपाट’ या शब्दात आहे. तो ‘कपबोर्ड’वरून आला असं ठामपणे सांगणाऱ्यांनी बद्रीनाथचे कपाट उघडल्याची बातमी वाचावी. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. त्याच शब्दातल्या प चा व आणि ट चा ड होऊन आपलं ‘कवाड’ झालं. मराठीत ‘कवाड’ दाराशी राहिलं आणि ‘कपाट’ दार लावलेल्या सामानाच्या खणाचं नाव झालं. म्हणूनच मला वाटतं, वाचकाला थेट फळीपाशी सोडणाऱ्या पद्धतीला मराठीत ‘मुक्तद्वार’ हे नाव इतकं चपखल बसलं, कारण ज्या वस्तूत पुस्तकं होती तिच्या नावातच दार होतं. ‘ओपन ॲक्सेस’ला ही सर नाही. नुसत्या दार उघडण्याने मात्र शेजार तयार होत नाही. पूर्वी अंक फळीला दिलेला असे, अमुक कपाट, अमुक फळी. ड्यूईने १८७६मध्ये तो पुस्तकातल्या विषयाला दिला, म्हणून नवा व्युत्पत्तिकोश आला तरी तो कुलकर्णींच्या बाजूलाच बसतो आणि बाकीचे सरकतात.

चिठ्ठीवर टिंब नसून नुसता १२८७४ असा आकडा असेल, तर तो बहुधा दाखल क्रमांक. कित्येक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं याच क्रमाने लावलेली असतात. तिथला शेजारी केवळ त्याच सुमारास नोंदवलेला, विषय कोणताही. आणि तुमच्या अंकाच्या वर ‘सं’ किंवा ‘R’ असेल, तर कोश संदर्भ विभागात याच क्रमाने वेगळा लावलेला असतो, घरी मिळत नाही. तिथेही ४९१.४६२ आणि ४९१.४६३ यांच्या मध्येच पाहा.