विश्वस्तांत खर्चावरून वाद: मतदानाआधी काय करावं?

प्रश्न: आम्ही सात विश्वस्त. चौघांना इमारत हवी, तिघांना शिष्यवृत्त्या वाढवायच्या आहेत. न्याय्य निर्णय कसा घ्यावा?

लगेच मतदान घेऊ नका. आधी न्यासपत्रातला उद्देश एकत्र बसून वाचा. तिथे ‘गरजू विद्यार्थ्यांना मदत’ असं असेल, तर इमारतीचा त्यांना नेमका काय उपयोग, हे चौघांनी दाखवायला हवं. नुसत्या बहुमताने उद्देश बाजूला सारता येत नाही.

मग पैसे वेगळे करा. समजा शिल्लक १०० आहे. त्यातले ४० देणगीदारांनी शिष्यवृत्तीसाठीच दिलेत. त्यांना हात लावायचा नाही. अडीअडचणीसाठी ३० राखून ठेवले, तर वाद उरतो फक्त ३० चा. माझ्या अनुभवात निम्मा ताण इथेच उतरतो.

त्या ३० साठी दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहावं: लाभ किती जणांना, किती वर्षं आणि पुढचा खर्च कोण करणार? इमारतीच्या प्रस्तावात देखभालीचा खर्च फार वेळा विसरला जातो. कुणाचा नातेवाईक कंत्राटदार असेल, तर त्या विश्वस्ताने ते आधीच सांगून चर्चेतून आणि मतदानातूनही बाहेर राहावं.

मतदान त्यानंतर. विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवा.