‘आपण जाणार ना?’ म्हणजे नक्की कोण जाणार?

“…गुडघा आता बराच बरा आहे, नव्या घरातही रुळलो. लेकीच्या सासरची माणसं चांगली, बोलणं अगदी आदबीचं. मध्यंतरी व्याह्यांचा निरोप आला, ‘रविवारी समारंभाला आपण जाणार ना?’ मी ‘हो’ कळवलं. आम्ही तयार होऊन त्यांच्या गाडीची वाट बघत बसलो, ते परस्पर तिकडे पोहोचले. असो. तुमचं लेखन वाचत असतो, म्हणून एवढं लिहिलं.”

गुडघा बरा आहे हे वाचून आनंद झाला. अख्ख्या पत्रात प्रश्नचिन्ह एकच आहे आणि तेही व्याह्यांचं. पण ‘असो’ म्हणून माणूस जे सोडून देतो तेच सहसा सलत असतं, म्हणून व्याह्यांचं ते वाक्यच घेतो.

त्यातल्या ‘आपण’चे दोन अर्थ होतात. एक, बोलणारा आणि ऐकणारा मिळून सगळे. तुम्ही हा घेतलात. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा धरला जात नाही, ‘आपण’मध्ये धरला जातो. दुसरा, ‘तुम्ही’च्या वरच्या पायरीचा आदरार्थी ‘आपण’. आदबीनं बोलणाऱ्या व्याह्यांना बहुधा हाच अभिप्रेत होता. मूळ संस्कृत ‘आत्मन्’, त्यावरून प्राकृतात ‘अप्पाण’, म्हणजे स्वतः. ‘तो आपण होऊन आला’ यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

एरवी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं. ‘आपण जाऊ’ म्हटलं की सगळे, ‘आपण जाल’ म्हटलं की समोरचा. ‘जातो’ आणि ‘जाता’, ‘गेलो’ आणि ‘गेलात’ यांचंही तसंच. ‘जाणार’ मात्र पुरुषाप्रमाणे बदलत नाही. तिथे फरक दाखवायचं काम ‘आहोत’ किंवा ‘आहात’ करतं, आणि बोलताना आपण नेमकं तेच गाळतो. व्याह्यांनी ‘आपण जाणार आहात ना?’ एवढं विचारलं असतं, तर तुम्ही गाडीची वाट बघितली नसती. तुमचं ‘हो’ही दोन्ही अर्थांना सारखंच लागू पडलं, त्यामुळे चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

म्हणून अशा निरोपाला नुसतं ‘हो’ न म्हणता पूर्ण क्रियापदानं उत्तर द्यावं: ‘हो, आम्ही येतोय, तिथेच भेटू’ किंवा ‘हो, बरोबरच जाऊ’. समोरच्याच्या मनात दुसरं काही असेल तर तो लगेच बोलतो. व्याह्यांना ‘आपण म्हणजे कोण?’ असं विचारणं मला तरी जड गेलं असतं.

तुमच्या मनात वेगळंच काही असेल, समजा व्याह्यांना ‘आपण’ म्हणावं की ‘तुम्ही’, तर एका ओळीत कळवा. तुम्ही त्यांना एरवी काय म्हणता तेही लिहा, कारण उत्तर त्यावरच ठरेल.