ताजमहाल शुक्रवारी बंद असतो

"दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नाही. मी मोबाईलवर फोटोचं बॅकग्राउंड बदललं आणि मनालीला गेल्याचं स्टेटस ठेवलं. आता माझा मित्र रोज काहीतरी विचारतो. कुठे राहिलात, बर्फ होता का, अजून फोटो दाखव. खरं सांगितलं तर तो सगळ्या वर्गात सांगेल का? नाही सांगितलं तर किती दिवस चालेल?"
— आठवीतला एक विद्यार्थी

तुला सायलीची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत. ती नववीत होती, चौदा वर्षांची. दिवाळी संपून शाळा सुरू झाली, त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. आल्याआल्या म्हणाली, "मॅडम, मला तुकडी बदलून मिळेल का?" तुकडी बदलायचं कारण विचारलं तर उत्तर नाही. मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसतेस, एवढंच मग विचारलं, तशी रडायला लागली.

तिची आई फराळाच्या ऑर्डरी घेते. म्हणजे सगळं जग फिरायला निघतं तेव्हा या घरात चकलीचा सोऱ्या फिरत असतो. सायलीकडे अर्ध्या किलोच्या पिशव्या वजन करून बांधायचं काम होतं. वर्गातल्या मुली रोज कुठल्या कुठल्या गावांचे फोटो टाकत होत्या. एका संध्याकाळी तिने नवा ड्रेस घातला आणि गच्चीत धाकट्या भावाकडून फोटो काढून घेतला. एका अ‍ॅपने गच्ची पुसली, मागे ताजमहाल लावला आणि आईच्या फोनवरून स्टेटस ठेवलं, 'आज आग्रा!' दिवस होता शुक्रवार.

तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, तिला मुग्धा म्हणू, मे महिन्यात घरच्यांबरोबर आग्र्याला जाऊन आली होती. तिचा मेसेज आला, "अगं, शुक्रवारी तर ताज बंद असतो ना?" आणि तो असतोच. सायलीने लिहिलं, "गुरुवारी गेलो होतो, फोटो आज टाकला." पण गुरुवारी दुपारी तिनेच मुग्धाला गणिताच्या सुट्टीतल्या अभ्यासाबद्दल विचारलं होतं आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. मग सांगितलं, "तो आदल्या दिवशी काढलेला फोटो होता." शाळेत मुग्धाने विचारलं, तिकीट किती होतं? "शंभर रुपये." मुग्धा म्हणाली, "पण पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटच नाही!" त्या दिवसापासून सायली डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायला लागली.

तिने मला फोटो दाखवला. मला फोटोग्राफीचा जुना नाद आहे, म्हणून लगेच दिसलं. ताज बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेकाठी आहे. आपण दक्षिणेच्या दरवाजातून आत शिरतो आणि नेहमीचा तो फोटो उत्तरेकडे तोंड करून काढतो, त्यामुळे सकाळचं ऊन फोटोत उजवीकडून येतं. तिने लावलेला ताज सकाळचा होता, उजवीकडून उजळलेला. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं डावीकडून. पायाखाली सावली नव्हती. कुरळ्या केसांच्या फटींतून गच्चीच्या टाकीचा काळा रंग डोकावत होता. केस नीट कापणं या अ‍ॅपना अजून जड जातं. यातलं मी तिला काही बोलले नाही. फोटो कसा सुधारायचा हे शिकायला ती आली नव्हती.

मी तिला कागदावर तीन रकाने आखायला लावले: मुग्धाने काय विचारलं, तू काय सांगितलंस, ते टिकवायला आता आणखी काय सांगावं लागेल. पहिल्या ओळीत तिसरा रकाना एका वाक्यात भरला. तिसऱ्या ओळीला तिथे गाडीचं नाव, लॉजचं नाव आणि भावाला पढवून ठेवणं इतकं सगळं जमलं. तिने पेन ठेवलं. "मॅडम, याला तर रोज अभ्यास करावा लागेल." तू विचारलं आहेस ना, किती दिवस चालेल? हा कागद करून बघ.

आता माझी चूक सांगते. मी धरून चालले होते की मुग्धा तिला पकडायला बघतेय, आणि सायलीलाही तसंच वाटत होतं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' अशी कल्पना मांडली. या वयात आपण सतत स्टेजवर आहोत आणि समोरचे सगळे फक्त आपल्याकडेच बघताहेत, असं वाटत राहतं. मी हे मुलांना नेहमी सांगते, आणि या वेळी स्वतःच त्या प्रेक्षकांत जाऊन बसले. मी सायलीला मुग्धाचे मेसेज पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सांगितले. शुक्रवारच्या प्रश्नाच्या आधी आणखी एक ओळ होती, ती तिने भीतीपोटी नीट वाचलीच नव्हती: "जाणार होतीस तर मला का नाही सांगितलंस?" मुग्धा रुसली होती. ताज शुक्रवारी बंद असणं तिच्यासाठी दुय्यम होतं.

मग काय बोलायचं ते आम्ही ठरवलं. सायलीचं पहिलं वाक्य होतं, "मी तुझी गंमत केली." ते मी खोडलं, कारण गंमत तिने केलीच नव्हती, ते आणखी एक खोटं झालं असतं. दुसरं होतं, "मी खोटं बोलले, पण तुम्ही सगळे रोज फोटो टाकता म्हणून." त्यातलं 'पण' आणि पुढचं खोडलं. उरलं ते असं: "मी आग्र्याला गेले नव्हते, फोटो गच्चीतला आहे. तू विचारलंस तेव्हाही मी खोटं सांगितलं, सॉरी." हे मेसेजवर पाठवायचं नाही, तोंडाने सांगायचं आणि फक्त मुग्धाला, कारण विचारलं तिने होतं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलेलं होतं, वर्गापुढे कबुलीजबाब द्यायचं कारण नव्हतं. तीनदा माझ्यासमोर म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा आवाज जरा कमी कापला.

मुग्धा कुणाला सांगणार नाही, याची हमी मी सायलीला दिली नाही, तुलाही देत नाही. ते सायलीच्या हातात नव्हतं. पण तुझ्या बाबतीत कुणी त्या फोटोवरून धमकावत असेल, काही मागत असेल, तर ते प्रकरण वेगळं. ते त्याच दिवशी घरी सांगायचं, किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

घरी तोवर वेगळाच गोंधळ झाला होता. स्टेटस आईच्या फोनवर, त्यामुळे मावशीचा फोन, "आग्र्याला गेलात आणि आम्हाला पत्ता नाही!" आई आधी हसली. मग रात्री सायलीला विचारलं, "आम्ही कुठे नेत नाही, म्हणून केलंस का गं?" सायली म्हणाली की तिला मुग्धापेक्षा याचं उत्तर देणं जड गेलं. आईला तिने "हो" म्हटलं. मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डरी कमी असतात, तेव्हा बघू, इतकंच आई म्हणाली.

मुग्धाने ऐकून घेतलं आणि दोन दिवस बोलली नाही. सायली त्या दोन्ही दिवशी माझ्याकडे आली, दोन्ही दिवशी मी तिला काही करू नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी मुग्धाने डबा तिच्या बाकावर आणून ठेवला आणि म्हणाली, "खरा फोटो दाखव." सायलीने दाखवला: गच्ची, पाण्याची टाकी, दोरीवर बाबांचे शर्ट. मुग्धाने दोन्ही फोटो शेजारी धरून बराच वेळ बघितले. मग ताजमहालासमोरच्या सायलीच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथे एक निळं टोक राहून गेलं होतं.

"हा चिमटा आहे होय! मला वाटलं, नवीन क्लिप घेतलीस आणि तीही सांगितली नाहीस."