मटणाच्या दुकानात काय बघायचं आणि काय मागायचं

प्रश्न: आम्ही नुकतेच साताऱ्याहून पुण्यात राहायला आलोय. तिकडे सासरे मटण आणायचे, आता मला जावं लागतं. दुकानदार देईल ते घेऊन येते. सासूबाईंना चावत नाही, मुलगी दोन वर्षांची आहे, नवऱ्याला झणझणीत रस्सा लागतो. ताजं कसं ओळखायचं आणि कुठला भाग मागायचा? चिकनचंही सांगा.

उत्तर:

आमचं सासऱ्यांपासून चालत आलेलं मटणाचं दुकान आहे आणि मी गल्ल्यावर बसते. त्यामुळे रोज हेच बघते, गिऱ्हाईक ट्रेमधल्या तुकड्यांकडे बघून बोट दाखवतं. तुम्ही वर टांगलेल्या बोकडाकडे बघा. तुकडे झाले की जनावराची ओळख पुसली जाते. टांगलेल्या धडावर ती सगळी दिसते.

आधी शेपूट बघा. चांगल्या दुकानात धडाला शेपूट ठेवलेलं असतं, बोकड असेल तर वृषणही ठेवतात. ते मुद्दाम असतं, गिऱ्हाइकाला जनावर ओळखता यावं म्हणून. शेळी-बोकडाचं शेपूट आखूड आणि निमुळतं, मेंढीचं त्या मानाने जाड. शेपूट काढलेलं असेल तर पाठीवरची चरबी बघा. मेंढीच्या पाठीवर, कमरेवर पांढरी घट्ट चरबी थराने असते. बोकडाची बाहेरची बाजू जवळजवळ कोरी असते, चरबी आत, बुक्क्यांभोवती साठलेली. बोकडाचं मांस हाताला किंचित चिकटतं आणि त्यावर एखाददुसरा केस राहिलेला दिसतो. मेंढीचं मटण वाईट नसतं, पण बोकड म्हणून बोकडाच्या भावात घेऊ नका. चरबी जास्त असल्यामुळे त्याचा वासही उग्र येतो.

दुसरं बघायचं ते वय. सासूबाईंच्या दृष्टीने हे ताजेपणाइतकंच महत्त्वाचं आहे. बरगड्यांकडे बघा. कोवळ्या जनावराची बरगडी बारीक, गोलसर आणि लालसर असते. जुन्याची रुंद, चपटी, पांढरी. पूर्ण वाढ झालेल्या म्हाताऱ्या शेळीचं मटण कितीही ताजं असलं तरी शिट्ट्यांवर शिट्ट्या द्याव्या लागतात. साधारण दहा-बारा किलोचं धड असलेलं जनावर घरच्या स्वयंपाकाला उत्तम. फार मोठं धड स्वस्त भावात मिळत असेल तर बरगडी बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता ताजेपणा. ताज्या मटणाचा वरचा पृष्ठभाग कोरडा असतो, बोट लावलं तर किंचित चिकटतं पण बुळबुळीत लागत नाही. बोटाने दाबलं तर खळगा भरून येतो. रंग लाल. वारा लागून वरून जरा काळपट झालं म्हणून ते खराब नसतं, नुसत्या रंगावर निर्णय घेऊ नका. दुकानातल्या दिव्याखाली तर मुळीच नको, तुकडा दाराकडे उजेडात धरायला सांगा. वास घ्यायचा तो वरून नाही. मांस आधी हाडाजवळ आणि घडीत बिघडतं, म्हणून पुढच्या पायाच्या खाकेत आणि बुक्क्यांजवळच्या चरबीशी वास घ्या. तिथे आंबूस वाटलं किंवा हिरवट झाक दिसली तर पुढे बोलूच नका. ट्रेमध्ये लालसर पाणी साचलेलं दिसलं तर ते मटण एक तर पाण्यात भिजलेलं असतं किंवा बर्फातून काढलेलं.

महापालिकेच्या कत्तलखान्यातून आलेल्या धडावर शिक्का असतो. तिथे पशुवैद्य जनावर कापण्याआधी आणि नंतरही तपासतात. शिक्का कुठे आहे ते विचारायला संकोच करू नका.

दिवसही बघा. आपल्याकडे रविवार, बुधवार, शुक्रवार हे खायचे वार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी खप कमी, त्यामुळे त्या दिवशी छोट्या दुकानात आदल्या दिवशीचं टांगलेलं असण्याची शक्यता जास्त. रविवारी सकाळी नऊच्या आत गेलात तर धड अख्खं असतं आणि हवा तो भाग मिळतो. अकरानंतर मागच्या मांड्या संपलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाला काय राहिलं ते घ्यावं लागतं. गटारीच्या दिवशी तर इतकी गर्दी असते की कुणी काही नीट बघून देत नाही, हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

भागांचं गणित एकाच गोष्टीवर चालतं. जनावराचा जो भाग जास्त काम करतो, पुढचे पाय, मान, पायाची नळी, तिथे शिरा आणि चिवट पडदे जास्त असतात. ते लवकर शिजत नाहीत, पण सावकाश शिजले की तेच विरघळून रस्सा दाट आणि चवदार करतात. मागची मांडी मांसल, कमी चरबीची. ती रश्श्यात टाकली तर कोरडी लागते, खिम्याला आणि सुक्याला मात्र उत्तम. चाप, म्हणजे पाठीच्या बरगड्या, आणि कमरेजवळचा भाग सगळ्यात मऊ. सीना म्हणजे छातीचा भाग, त्यात चरबी आणि कुरकुरीत कूर्चा असते. रश्श्याला तर्री हवी असेल तर सीना हवाच.

आता तुमच्या घरचं बघू. समजा रविवारी दीड किलो घ्यायचं आहे. नुसतं ‘दीड किलो द्या’ म्हटलंत तर दुकानदार मिक्स देईल आणि त्यात हाडं हाताला लागतील तशी पडतील. त्याऐवजी असं सांगा: पाऊण किलो रश्श्याचं, त्यात सीना, पुढचा पाय आणि दोन नळ्या, तुकडे मोठे. चारशे ग्रॅम मागच्या मांडीचा खिमा. उरलेलं साडेतीनशे चाप आणि कमरेचं, तुकडे जरा लहान. रश्श्याचं नवऱ्याला, खिमा सासूबाईंना, चाप सगळ्यांच्या पुरतं सुकं. नळ्यांपैकी एक वेगळी ठेवून मुलीसाठी अळणी करा.

खिम्याच्या बाबतीत जरा जास्तच लक्ष द्या. आधीच दळून ट्रेमध्ये ठेवलेला खिमा घेऊ नका. त्यात काय आहे आणि कधीचं आहे, हे बघून कळत नाही. चरबी, पडदे, उरलेसुरले तुकडे सगळं त्यात जाऊ शकतं. मांडीचा तुकडा दाखवायला सांगा, त्यावरचा पांढरा पडदा आणि शिरा सुरीने काढायला सांगा, वजन करायला सांगा आणि मग दळायला सांगा. मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा राहिलेला असतो, तुमचं टाकलं की आधी तोच बाहेर येतो. म्हणून पहिली मूठ बाजूला काढायला सांगा. सासूबाईंसाठी दोनदा फिरवून घ्या. दुकानदार हे सगळं करतो, फक्त गर्दीच्या वेळी सांगू नका.

मुलीच्या सूपासाठी सत्तूर मारलेली नळी घेताना सांभाळा. सत्तुराने हाड तुटलं की बारीक कपच्या उडतात. नळीच्या दोन्ही टोकांचा घाव स्वच्छ हवा, चुरा झालेला नको. घरी वाहत्या पाण्याखाली तुकडे धुवा आणि अळणी बारीक गाळणीतून गाळूनच द्या. रश्श्याचं मांसही तिला देताना बोटांनी चाचपून द्या.

काळीज हवं असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं, एका बोकडाचं अर्धा किलोच्या आतच भरतं. ताजं काळीज चकचकीत, घट्ट आणि कडा तुकतुकीत असतं. लिबलिबीत, डाग पडलेलं घेऊ नका.

चिकनचं थोडक्यात. ब्रॉयलर शक्यतो जिवंत निवडून डोळ्यांसमोर कापून घ्या. मेलेली कोंबडी नंतर कापली की रक्त नीट वाहून जात नाही, मग मांस काळसर लाल दिसतं आणि शिरा भरलेल्या असतात. तयार चिकन घेत असाल तर पंखाखाली आणि मांडीच्या सांध्यात बघा, आधी तिथेच चिकटपणा आणि वास येतो. मांडीच्या हाडाजवळ मांस काळसर दिसलं तर ते बहुधा फ्रीज केल्यामुळे हाडातला रंग बाहेर आल्याने असतं, त्याने बिघाड होत नाही. भाव विचारताना जिवंतचा की साफ केलेल्याचा ते विचारा. दोन किलोची जिवंत कोंबडी कातडी काढून साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम भरते, हा हिशेब न धरता दोन दुकानांचे भाव ताडून बघू नका. सासूबाईंना मांडीचं मांस द्या, छातीचं लवकर कोरडं होतं.

गावरान म्हणून पुष्कळदा अंडी देऊन थकलेल्या पोल्ट्रीच्या कोंबड्या विकल्या जातात. छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबून बघा. तरुण पक्ष्याचं ते कूर्चेचं असतं, वाकतं. म्हाताऱ्याचं कडक झालेलं असतं. पोटात पिवळी चरबी आणि बारीक अंड्यांचे घोस निघाले तर ती जुनी अंड्यावरची कोंबडी. रस्सा तिचाही चांगला होतो, पण तासभर शिजवायची तयारी ठेवा आणि गावरानचा भाव देऊ नका.

शेवटचं घरी आणल्यावरचं, कारण ‘तुमचं मटण चिवट निघालं’ ही तक्रार आम्हाला बहुतेक वेळा इथूनच येते. जनावर कापल्यावर मांस आधी मऊ असतं, काही तासांत ते आखडतं आणि मग थंडाव्यात हळूहळू परत सैल होतं. पहाटे कापलेलं बोकड तुम्ही नऊ-दहाला घेता, म्हणजे बरोबर आखडण्याच्या वेळेत. तेव्हाच ते फ्रीजरमध्ये टाकलं तर आखडणं अर्धवट राहतं, बर्फ उतरताना ते आकसून बरंचसं पाणी सोडतं, आणि मग कितीही शिजवा, रबरी लागतं. त्यामुळे जे त्याच दिवशी करायचं नाही ते न धुता, झाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लागतील तशा पाकिटांत फ्रीजरमध्ये टाका. खिमा मात्र थांबवू नका, तो त्याच दिवशी करा. रविवारी दुपारीच रस्सा हवा असेल तर तुकड्यांना मीठ, हळद, आलं-लसूण आणि चमचाभर कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा तास ठेवा, मग कुकरला लावा. पपई याहून जास्त घातली तर तुकडे पिठूळ होतात.