नवरदेव आणि लग्नघरासाठी सलूनचं पॅकेज: वेळापत्रक आधी, दर नंतर

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं तीन खुर्च्यांचं जेंट्स सलून आहे. कटिंग-दाढीवर धंदा ठीक चालतो. आता नवरदेव आणि लग्नघरातल्या माणसांसाठी पॅकेज सुरू करायचं आहे. त्यात काय काय द्यावं आणि दर कसा ठरवावा?

उत्तर:

माझंही सलून तुमच्यासारख्याच गावात आहे आणि लग्नाची कामं आम्ही बरीच करतो. बहुतेक जण आधी दरपत्रक छापून घेतात: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, वर वीस टक्के सूट. माझं मत विचाराल तर हा कागद शेवटी करा. आधी तुमच्या खुर्च्या कधी रिकाम्या असतात ते बघा.

आपल्याकडे सोमवारी दुकान बंद. मंगळवार, गुरुवार, शनिवारी कात्री लावून घ्यायची नाही असं मानणारे लोक अजून खूप आहेत, त्यामुळे त्या दिवशी दुपारी कारागीर मोबाइल बघत बसलेला असतो. रविवारी मात्र बाकावर बसायला जागा नसते. पण फेशियल, पेडिक्युअर, हेअर स्पा यांना कुठलाच वार आडवा येत नाही. मंगळवारी केस कापायला नाही म्हणणारा माणूस पाय घासून घ्यायला खुशाल बसतो. नवरदेवाच्या पॅकेजमध्ये वेळखाऊ कामं नेमकी हीच असतात. ती मंगळवार-गुरुवारी दुपारी बसवली तर पॅकेज फायद्यात जातं. रविवारी बसवली तर काय होतं, ते खाली आकड्यांत दाखवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हळद. पॅकेजचं सगळं वेळापत्रक हळदीपासून उलटं मोजायचं, लग्नापासून नाही. समजा रविवारी दुपारी लग्न आहे आणि शनिवारी संध्याकाळी हळद.

पहिली भेट साधारण महिनाभर आधी, दुपारच्या वेळी. कात्री चालणार आहे, म्हणून बुधवार बघा. या दिवशी कटिंग, दाढीचा आकार आणि साधं क्लीनअप. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे जो आकार लग्नात हवा आहे तो आत्ताच ठरवून घ्यावा लागतो, आणि मध्ये दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही हेही बजावावं लागतं. कटिंग ठरवताना फेटा किती वेळ डोक्यावर राहणार ते विचारा. विधींच्या वेळी फेट्याखाली वरचे केस दिसतच नाहीत, दिसतात ते कल्ले आणि मान. संध्याकाळी रिसेप्शनला फेटा काढला की वरचे केस चप्पट बसलेले असतात. तेव्हा वरचे केस हाताने पटकन उभे राहतील इतपतच लांब ठेवायचे. प्री-वेडिंग शूट असेल तर त्याची तारीखही याच भेटीत लिहून घ्या. शूट आधीच असेल तर पहिली भेट तितकी आधी ओढावी लागते.

याच भेटीत एक प्रश्न न चुकता विचारायचा: तोंडाला कुठली क्रीम लावतोस? लग्न ठरलं की बरीच पोरं मेडिकलमधून गोरं होण्याची ट्यूब आणतात, आणि त्यातल्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं लिहिलेलं दिसलं तर समजून जा. अशी त्वचा पातळ झालेली असते, गालावर लाली आणि बारीक शिरा दिसतात, ऊन लागलं की आग होते. तिच्यावर स्क्रब, ब्लीच, वाफ काहीही करू नका. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सही नको, साल निघू शकते. दोघांनाही सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा आणि पॅकेजमधून चेहऱ्याची कामं वजा करा. गिऱ्हाईक जात नाही, उलट त्याची आई पुढच्या वेळी धाकट्यालाही तुमच्याकडेच पाठवते.

दुसरी भेट हळदीच्या साधारण दहा दिवस आधी, गुरुवारी. डीटॅन आणि फेशियल. दहा दिवस अशासाठी की फेशियलनंतर काहींना दोन-तीन दिवसांत बारीक पुळ्या येतात आणि त्या बसायला वेळ लागतो. डीटॅनच्या डब्यावरचे घटक वाचा, कारण त्यातल्या कित्येकांत ब्लीचच असतं. ज्या दिवशी वस्तरा फिरवला त्या दिवशी ते लावायचं नाही, आणि शेवटच्या आठवड्यात तर मुळीच नाही. नुकतीच ब्लीच झालेली त्वचा आणि त्यावर हळद चोळणाऱ्या दहा आत्या-मावश्या, म्हणजे लग्नाच्या फोटोत लाल तोंड.

तिसरी भेट लग्नाच्या आठवड्यात, मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी: पेडिक्युअर, मॅनिक्युअर, हेअर स्पा. पेडिक्युअरवर पोरं हसतात. त्यांना एवढंच सांगा की सासू-सासरे मांडवात तुझे पाय धुणार आहेत आणि फोटोग्राफर तिथेच गुडघ्यावर बसलेला असणार. पुढे काही बोलावं लागत नाही.

चौथी भेट शुक्रवारी, पाऊण तासाची: शेवटची कटिंग आणि दाढीची कड. गुळगुळीत दाढी करणारा असेल तर या दिवशी फक्त ट्रिमर फिरवा आणि वस्तरा रविवारी सकाळी, हळद धुतल्यावर. हळदीला बसण्याआधी चेहऱ्याला आणि दाढीला खोबरेल तेलाचा हात फिरवायला सांगा, म्हणजे पिवळेपणा कमी धरतो.

आता दर. आमच्या मेन्यूप्रमाणे सुटं धरलं तर असं होतं: दोन कटिंग 300, दोनदा दाढी 200, क्लीनअप 400, डीटॅनसह फेशियल 1,100, पेडिक्युअर-मॅनिक्युअर 700, स्पा 500. एकूण 3,200 रुपये. वेळ साडेपाच तास, माल साधारण 600 रुपयांचा. पॅकेज 3,000 ला दिलं आणि कारागीर 40 टक्क्यांवर असेल तर त्याचे 1,200 जातात, मालाचे 600, तुमच्या हातात 1,200. गुरुवारच्या रिकाम्या खुर्चीवर हे पैसे जवळजवळ सगळे वरचे.

हेच साडेपाच तास रविवारच्या गर्दीतले धरा. कटिंग-दाढीचे 250 रुपये आणि पाऊण तास, म्हणजे तेवढ्यात सात गिऱ्हाइकं, 1,750 रुपये. कारागिराचे 700 आणि किरकोळ माल 100 वजा करून तुम्हाला 950. म्हणजे नवरदेवाच्या नादात सात नेहमीची माणसं परत पाठवून तुम्ही फक्त 250 रुपये जास्त कमावले. आणि 3,200 वर वीस टक्के सूट दिली असेल तर पॅकेज होतं 2,560 चं, तुमच्याकडे उरतात साधारण 935. म्हणजे तोटाच. म्हणून माझी सूट 200 रुपयांची असते, आणि तीही दुपारच्या वेळा पाळणाऱ्यालाच. तुमचे दर वेगळे असतील, पण बेरीज याच रीतीने करून बघा. कारागिराची टक्केवारी सुटीच्या आधीच्या दरावर की नंतरच्या, हे त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. भांडणं तिथेच होतात.

पैसे अर्धे पहिल्या भेटीत, उरलेले दुसऱ्या भेटीत. लग्नाच्या आठवड्यात नवरदेवाचं पाकीट कुणाच्या हातात असेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

लग्नघराचं पॅकेज वेगळं ठेवा, कारण पैसे देणारा वेगळा असतो. नवरदेवाचं तो स्वतः देतो किंवा मित्र भेट देतात. वडील, काका, मामा, भाऊ, भावजी यांचं मात्र सहसा नवरदेवाचे वडील देतात. त्यांना माणशी यादी नको असते, एक आकडा हवा असतो. मी सहा जणांची कटिंग, दाढी, डोक्याची मालिश आणि लागेल त्यांना डाय अशी सहा कुपनं देतो, मंगळवार ते शुक्रवारपर्यंतच चालणारी. कुपन ज्याच्या हातात आहे त्याचं, नाव लिहायचं नाही, नाहीतर मामा रुसतात.

यात जोखीम एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे डाय. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, पुड्यांतल्या काळ्या मेंदीतसुद्धा. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असं नव्हे. वीस वर्षं तोच डाय लावणाऱ्यालाही एखाद्या वेळी त्याची ॲलर्जी होते. आधी खाज, मग कानामागे आणि पापण्यांना सूज, आणि ही सूज बऱ्याचदा लगेच न येता एक-दोन दिवसांनी येते. शुक्रवारी डाय लावला तर ती बरोबर लग्नात. म्हणून डाय लावायचा असेल त्याला आठवडाभर आधी बोलवा, थोडा कालवलेला डाय कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि 48 तास थांबा. काही झालं नाही तर मंगळवारी-बुधवारी डाय. मंगळवारी रंग लावून घ्यायला हरकत आहे का ते मात्र घरच्यांना विचारून घ्या, काही ठिकाणी चालत नाही.

लग्नाच्या सकाळी कार्यालयात कारागीर पाठवायचा असेल तर माणशी दर लावू नका. नवरदेव आणि वडील ठरलेले असतात, प्रत्यक्षात ‘माझीपण जरा दाढी’ म्हणत सगळं वऱ्हाड रांगेत उभं राहतं. तीन तासांचा एक दर ठरवा, पैसे आदल्या दिवशी घ्या, आणि पहिली दाढी नवरदेवाची. माझे आजोबा नवरदेवाची दाढी करायला घरी जायचे तेव्हा त्यांना नारळ आणि टोपी मिळायची. आता कारागिराला नारळ मिळतो तो त्याचा, त्यात दुकानाचा हिस्सा नाही, हेही आधीच ठरवून टाका.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? लग्नाची तारीख घरच्यांनंतर पहिल्यांदा कळते ती पत्रिका छापणाऱ्याला, आणि पत्रिका छापतात साधारण तुमच्या पहिल्या भेटीच्याच सुमारास. त्याच्या काउंटरवर तुमची कार्डं ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक नवरदेवामागे त्याला काहीतरी द्या. शेरवानी भाड्याने देणारा आणि फेटेवाला हे त्याच्यानंतरचे. बायकांच्या कामात पडू नका. ओळखीच्या पार्लरवालीशी बोलून एकमेकांकडे माणसं पाठवा, हिशेब मात्र वेगळे ठेवा.

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटीची नोंदणी लागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवर तो 18 ऐवजी 5 टक्के आहे, पण मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. 3,000 मध्ये तो धरलाय की वेगळा, ते कार्डावर लिहा.

शेवटचं, तुळशीच्या लग्नाआधी पंचांगातल्या मुहूर्ताच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा. तीन खुर्च्यांवर एका मुहूर्ताला दोन नवरदेव पुरे, कारण दोघांच्याही घरची माणसं त्याच शुक्रवारी येणार असतात. तिसरा आला तर त्याची शेवटची कटिंग बुधवारी घ्या, आणि ते त्याला पटत नसेल तर ॲडव्हान्स घेऊ नका.