बोक्याचा विमा की बोक्याची गंगाजळी?

“माझा बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेला, घरातच असतो. शिवाय एक वर्षाची मांजर आहे. दहा महिने विम्याच्या हप्त्याएवढी रक्कम मी दरमहा बाजूला टाकतेय, म्हणजे विम्याची गरज नाही असं वाटलं होतं. परवा मैत्रिणीच्या बोक्याची लघवी अडली आणि तिचं बिल ऐकून माझी झोप उडाली. विमा घेऊ की साठवतच राहू?”

पहिल्या भेटीत त्यांना दोन गोष्टी आणायला सांगितल्या होत्या: दोन्ही मांजरांची दवाखान्यातली सगळी नोंद, आणि डॉक्टरांकडून तीन अंदाज. रात्री अचानक नेलं तर तपासणी, रक्तचाचणी आणि दाखल करताना भरायची रक्कम किती. बोक्याची लघवी अडली तर तीन दिवसांचा खर्च किती. आणि अडणं पुन्हा पुन्हा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली तर किती. अंदाज मागताना ‘कमीत कमी आणि जास्तीत जास्त’ असं विचारावं. नुसतं ‘साधारण किती?’ विचारलं की सगळं सुरळीत झालं तरचा आकडा मिळतो.

हिशेब आम्ही पैशात न मांडता हप्त्यांत मांडला. विम्याचा एक महिन्याचा हप्ता म्हणजे १. मग रात्रीची तपासणी आणि दाखल करणं १५, लघवी अडल्याचं बिल ५० ते ७०, शस्त्रक्रिया १२०. असं मांडलं की साठवणीचा वेग लगेच डोळ्यांत भरतो. महिन्याला १ टाकून ६० जमायला पाच वर्षं लागतात, आणि अडलेला बोका पाच वर्षं थांबत नाही.

त्यांच्या साठ्यात १० असायला हवे होते. होते ३. लसीकरण, वार्षिक तपासणी आणि एकदा दातांची सफाई, सगळं त्यातूनच गेलं होतं. ही गळती जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. जो खर्च येणार हे ठाऊक आहे, तो संकट नव्हे. त्याची वर्षाची बेरीज करून बाराने भागायचं आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. संकटाच्या खात्याला त्यासाठी हात लावायचा नाही.

आता विमा. त्यांनी आणलेल्या पॉलिसीत वर्षाला पहिले १० स्वतःच्या खिशातून, त्यावरच्या खर्चाचे ८० टक्के परत, वर्षाची कमाल मर्यादा १५० अशा अटी होत्या. ६० चं बिल आलं तर त्यातून १० वजा, उरलेल्या ५० चे ८० टक्के म्हणजे ४० परत. पदरचे २० गेले, वर वर्षभराचे १२ हप्ते. काही पॉलिसींमध्ये आधी टक्केवारी लावतात आणि मग वजावट करतात. तसं केलं तर ४० ऐवजी ३८ मिळतात. फरक लहान, पण कागदावर वाचून घ्यावा. या अटींवर वर्षाचं बिल २५ च्या पुढे गेलं तरच त्या वर्षी हप्त्यांहून जास्त परत मिळतं. पाच वर्षांत एकदाच ६० चं बिल आलं तर भरले ६० आणि मिळाले ४०, तेही वयाबरोबर हप्ता वाढला नाही असं धरून. तोटाच की! विमा नफ्यासाठी घ्यायचाच नसतो. ते बिल चौथ्या वर्षाऐवजी दुसऱ्या महिन्यात आलं तर काय, एवढ्याचीच ती किंमत असते.

आणि विमा असला तरी दवाखान्यात बहुधा सगळं बिल आधी आपणच भरतो, क्लेमचे पैसे नंतर येतात. म्हणून ‘विमा की साठा’ हा प्रश्नच थोडा चुकतो. दारात भरायचे १५ दोन्ही वाटांना लागतातच.

खरी अडचण नोंदीत निघाली. सात महिन्यांपूर्वीची डॉक्टरांची एक ओळ होती: ‘वारंवार लघवीला बसतो, थोडी थोडी होते, मूत्राशयाला सूज.’ औषधाने बरं वाटलं होतं म्हणून त्या विसरूनही गेल्या होत्या. विमा कंपनीच्या भाषेत हा आधीपासूनचा आजार. निदान पक्कं झालेलं नसलं तरी लक्षणाची नोंद पुरते. पॉलिसी घेताना कोणी विचारलं नाही म्हणून गप्प राहणं उपयोगाचं नाही, कारण क्लेमच्या वेळी कंपनी सगळी नोंद मागवते. त्यांनी नोंद पाठवून लेखी उत्तर मागितलं. मूत्रमार्गाचं काहीही चालणार नाही, असं उत्तर आलं. लक्षणांशिवाय ठरावीक काळ गेला की काही पॉलिसी ही अट सैल करतात. या पॉलिसीत तशी सोय नव्हती. म्हणजे ज्या आजाराच्या धास्तीने विमा घ्यायचा, नेमका तोच वगळलेला. बोक्याचा विमा तिथेच बाजूला ठेवला.

एक वर्षाच्या मांजरीची गोष्ट उलट. नोंद कोरी, हप्ता कमी, आणि दोरा गिळणं किंवा हाड मोडणं हे वगळलेलं नाही. तिचा विमा घेतला, आणि तोही आत्ताच, नोंदीत पहिली ओळ पडायच्या आत. सुरुवातीचा ‘वेटिंग पिरियड’ संपेपर्यंत आजारपणाचा क्लेम चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला सांगितलं.

त्या दरमहा एकूण ३ बाजूला काढू शकत होत्या. १ मांजरीच्या विम्याला, २ साठ्याला. हातातले ३ धरून सहा महिन्यांत १५ होतात. ७० ला मात्र जवळजवळ पावणेतीन वर्षं लागतात. मधलं भगदाड क्रेडिट कार्डाच्या मोकळ्या ठेवलेल्या मर्यादेने आणि भावाशी आधीच बोलून ठेवलेल्या उसनवारीने बुजवायचं ठरलं. साठा मुदत ठेवीत अडकवायचा नाही. डेबिट कार्डावर एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते तेही तपासलं, तर ती १५ पेक्षा कमी निघाली! खात्यात पैसे असून काउंटरवर कार्ड नाकारलं जातं ते असं. मर्यादा त्याच दिवशी वाढवून घेतली.

पैशाइतकाच वेळही बिल ठरवतो. लघवी अडलेला बोका लिटरच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो, आणि लिटरमध्ये नवा गोळा दिसत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, सकाळी बघू. तोवर रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं. लवकर नेलं तर बहुतेकदा भूल, कॅथेटर, सलाईन आणि देखरेख एवढ्यावर भागतं. उशीर झाला की त्यात हृदय आणि मूत्रपिंड सांभाळण्याचा खर्च येतो. कॅथेटर काढल्यावर पहिले काही दिवस-आठवडे पुन्हा अडण्याची भीती असते, म्हणून पहिलं बिल भरून साठा शून्यावर आणू नये.

शेवटी एक कागद तयार केला आणि बोक्याच्या पिंजऱ्याच्या कप्प्यात ठेवला. त्यावर रात्री उघडा असणारा दवाखाना, मागच्या औषधांची नावं, कोणतं कार्ड वापरायचं, भावाचा नंबर, आणि ‘मी फोन उचलला नाही तरी एवढ्या रकमेपर्यंत उपचार सुरू करा’ अशी त्यांच्या सहीची ओळ. रकमेची जागा पेन्सिलने भरली आहे. साठा वाढेल तसा आकडा खोडून नवा लिहायचा.