फळीवरची वंदना

प्रश्न : लहान मूल गाण्याचे शब्द चुकीचे ऐकते आणि त्यावर स्वतःचाच अर्थ उभा करते, अशी लघुकथा लिहायची आहे. ती नुसता विनोद होऊ नये म्हणून काय करावे?

चुकीचा शब्द एकच ठेवून त्यावर हशा मिळवला की विनोद होतो. त्या शब्दावर विसंबून मूल काहीतरी करते आणि त्याचे परिणाम भोगते, तेव्हा कथा सुरू होते. हे मी अनुभवावरून सांगतो, कारण ते मूल मी होतो.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या चाळीत आमची दीड खोली होती. गणपती बाहेरच्या खोलीत डब्यांच्या फळीखाली बसत असे आणि ते डबे दिसू नयेत म्हणून आई फळीवरून आपली जांभळी साडी पडद्यासारखी सोडत असे. मी पाच वर्षांचा होतो. आरतीत सगळे जण त्या पडद्याकडे तोंड करून हात जोडत आणि ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ असे म्हणत. हे ‘फळीवर वंदना’ महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ऐकू येते आणि त्याचा विनोद आता जुना झाला आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु बाकीची मुले तिथेच थांबतात. मी थांबलो नाही, कारण आमच्याकडे खरोखरच फळी होती, तिच्यावर पडदा होता आणि पडद्यामागे काय आहे ते मला दिसत नव्हते.

मूळ शब्द ‘फणिवरबंधना’, म्हणजे ज्याच्या कमरेला श्रेष्ठ नाग बांधलेला आहे असा. घरोघरी कुणी ‘बंधना’ म्हणते, कुणी ‘वंधना’. ण आणि ळ हे दोन्ही मूर्धन्य वर्ण असल्यामुळे झांजांच्या आवाजात ‘फणी’ची ‘फळी’ होते, ‘वंधना’तला महाप्राण हरवला की ‘वंदना’ उरते, आणि चालही नेमकी दोन शब्दांच्या मध्ये तुटते. शेवटचा ‘आ’ हा संबोधनाचा आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? त्याच्या माहितीत आकारान्त म्हणजे मुलगी. कथेतली चूक अशी कानाच्या नियमाने घडलेली हवी. लेखकाने टेबलावर बसून जुळवलेली कोटी वाचकाला लगेच कळते.

पुढच्या ओळींनी माझा अर्थ पक्का केला. ‘संकटी पावावे’ हे मला ‘संकष्टी पावावे’ असे ऐकू येई, आणि संकष्टीला आई उपास करते हे मला माहीत होते. ‘निर्वाणी रक्षावे’ यातून मी ‘वाणी रिक्षावे’ काढले. ‘रिक्षावे’ असे क्रियापद नसते हे मला अडले नाही, कारण त्याच्या आधीच ‘पावावे’ होते आणि मोठी माणसे देवाशी याच भाषेत बोलतात असे मला वाटे. शेवटी ‘सुरवरवंदना’ येते, म्हणजे तीच मुलगी पुन्हा. आता सगळे जुळले : वंदना नावाच्या मुलीला फळीवर ठेवले आहे, संकष्टीला कोपऱ्यावरचा वाणी रिक्षा घेऊन येईल आणि तिला सोडवील.

जगानेही साथ दिली. ठाण्यात वंदना टॉकीज होते आणि त्याच नावाचा एसटी स्टँड होता. बसमध्ये कंडक्टर ‘वंदना, चला वंदना’ असे ओरडला की मी मान वळवून कोण उतरते ते पाहत असे. रिक्षा तिला तिथेच नेणार आणि तिथून ती पुण्याच्या गाडीत बसणार, हे मी ठरवून टाकले होते. आपल्या कथेत मुलाच्या अर्थाला असे बाहेरचे दोन-तीन पुरावे मिळू द्या, कारण पुराव्याशिवाय मुले काहीही मानत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून नैवेद्यातली एक करंजी पडद्यामागे, मुरांब्याच्या बरणीला टेकवून ठेवली. चौथ्या दिवशी तिची कड कुरतडलेली होती आणि सारण कमी झाले होते. मुंग्यांची रांग फळीवरून खाली उतरत होती, पण मुंग्या उष्ट्यावर येतात एवढे मला कळत होते. पाचव्या दिवशी मासुंदा तलावात विसर्जन झाले, पडदा निघाला आणि फळीवर डबेच दिसले. विनोदी कथा इथे संपली असती. मी मात्र वंदनाला मनातल्या मनात डब्यांमागे सरकवले, कारण करंजी कुणीतरी खाल्लीच होती.

संकष्टीच्या संध्याकाळी मी चाळीच्या ओट्यावर बसून राहिलो. अंधार पडताना वाण्याच्या दुकानासमोर खरोखर एक रिक्षा थांबली, वाण्याने तिच्यात एक पोते ठेवले, स्वतः शेजारी बसला आणि रिक्षा निघून गेली. मी धावत घरात जाऊन आईला सांगितले, ‘वंदना गेली.’ आईने हातातले ताम्हन खाली ठेवले आणि ‘कोण वंदना?’ असे विचारले. मी सगळे सांगितले, करंजीसकट. आई काहीच बोलली नाही. बोलली ती सातवीतली ताई. चंद्रोदयाच्या आरतीला शेजारचे लोक जमलेले असताना तिने आरतीचे पुस्तक उघडून ती ओळ मोठ्याने वाचली, फणी म्हणजे काय ते समजावले आणि मग माझी गोष्ट सांगितली. त्या रात्री मी जेवलो नाही.

गाण्याच्या अशा चुकीच्या ऐकलेल्या शब्दांसाठी इंग्रजीत ‘मॉन्डेग्रीन’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या सिल्व्हिया राइट यांचेही असेच होते. आई वाचून दाखवत असलेल्या स्कॉटिश पोवाड्यात एका सरदाराला मारून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे ‘गवतावर निजवले’, असे होते, त्यात त्यांना ‘लेडी मॉन्डेग्रीन’ ऐकू आली आणि सरदाराच्या शेजारी मरून पडलेली ती बाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. 1954 मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला तेव्हाही मूळ ओळीपेक्षा आपलीच ओळ चांगली, असे त्यांनी ठणकावून सांगितले. ताईला मी हे अनेकदा ऐकवले आहे. तिचे म्हणणे असे की, कुणीतरी सांगायलाच हवे होते, नाहीतर मी शाळेत हसे करून घेतले असते.

मी पुढे ही कथा लिहिली तेव्हा ताईने ती वाचून शेवट अपुरा असल्याचे सांगितले, कारण मुलाला खरा अर्थ कळल्याचा प्रसंग मी गाळला होता. मी तो जाणूनबुजून गाळला होता. खरा अर्थ वाचकाला आधीच ठाऊक असतो, तो पुन्हा सांगणे म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा चारचौघांत उभे करणे. आपली कथा पोते घेऊन रिक्षा वळते तिथे थांबवा. दुरुस्ती करणारे पात्र हवेच असेल, तर ते निदान मुलावर प्रेम करणारे असू द्या. ताईचे माझ्यावर प्रेम होते हे मान्य करतो, त्यामुळे हा नियमही तितकासा भरवशाचा नाही. शिवाय गाणे असे निवडा की ज्याचे मूळ शब्द वाचकाला न सांगता आठवतील, नाहीतर तळटीप द्यावी लागेल आणि तळटीप आली की कथा गेली.

गेल्या गणपतीत घोडबंदर रोडवर ताईच्या घरी आरती होती. मी मुद्दाम ‘फळीवर’ असे खणखणीत म्हटले. ताईने झांजा न थांबवता माझ्याकडे डोळे वटारून पाहिले आणि ‘फणिवर’ असे माझ्याहून मोठ्याने म्हटले.